बाबांचं सातबारा-फेरफारचं यूट्यूब चॅनल: माहिती पक्की पण बघतंय कोण? टायटल-थंबनेलबद्दल सल्ला हवाय

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. माझे बाबा महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झाले, सुरुवात तलाठी म्हणून, सगळी नोकरी सांगली-सातारा भागात. सातबारा, फेरफार, वाटणी, वारस नोंद हे सगळं तोंडपाठ. अजूनही सकाळी घरी कोणी ना कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येऊन बसलेलं असतं. म्हणून मीच त्यांना यूट्यूब चॅनल काढून दिलं, शूटिंग-एडिटिंग माझं, बोलणं त्यांचं. व्हिडिओ २०-२५ मिनिटांचे, साठेक झालेत. व्ह्यूज मात्र दोनशे-तीनशेच्या पुढे सरकत नाहीत. जे बघतात ते खाली भलेमोठे कमेंट लिहितात, "साहेब हे कुणीच सांगत नाही" वगैरे, म्हणजे माल वाईट नाही एवढं कळतं.

टायटल बाबाच देतात. नमुना: "महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९ व १५० : सविस्तर विवेचन, भाग ३". थंबनेलवर त्यांचा फोटो, आणि हेच सगळं वाक्य परत, लाल-पिवळ्यात.

शॉर्ट्स काढायचे नाहीत हे त्यांनी ठणकावून सांगितलंय, अर्ध्या मिनिटात जमिनीचा सल्ला दिला तर कोणीतरी बुडेल म्हणतात. व्हायरल वगैरे व्हायचं नाहीये, पण महिन्या-महिन्याला थोडं थोडं वाढत राहिलं पाहिजे. टायटल-थंबनेलमध्ये काय बदलू, आणि लोक नक्की काय शोधतात हे कळतं कसं?

बबन_टेक

ताई सिंपल आहे. १) टॅग्स भरा, पूर्ण ५०० कॅरॅक्टर. २) सीटीआर, म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती टक्के लोक क्लिक करतात, तो १०% च्या खाली असेल तर व्हिडिओ मेला समजा, थंबनेल बदला. ३) रोज एक अपलोड, अल्गोरिदमला कन्सिस्टन्सी आवडते. ४) शॉर्ट्सशिवाय आज काही होत नाही, बाबांना समजवा. आणि टायटलमध्ये लोक जे शोधतात तेच शब्द टाका, कलम-बिलम कोण शोधतंय.

आजोळ_दापोली

बरं झालं हा धागा दिसला. आमच्या आजोबांचं (आईचे वडील) नाव अजून सातबाऱ्यावर तसंच आहे, वारून बरीच वर्षं झाली. मामा म्हणतो लग्न झालेल्या बहिणीचं नाव लागत नाही आता. आईचं नाव लागेल का, आणि तलाठी किती पैसे घेतो? कागद काय काय लागतात? तुमच्या बाबांचा नंबर मिळेल का?

रात्रपाळी

दापोलीकर, हा चॅनलचा धागा आहे हो :) पण थांबा, तुमचं पोस्ट कामाचं आहे, मी त्यावर येतोच.

कृष्णाकाठची, मी बरीच वर्षं मराठी चॅनल्सचं एडिटिंग आणि पॅकेजिंग करतोय, शेती आणि आरोग्य जास्त. आधी तीन गोष्टी बघून सांग, त्याशिवाय बोलणं म्हणजे अंधारात दगड. स्टुडिओत ॲनालिटिक्स उघड. ट्रॅफिक सोर्समध्ये यूट्यूब सर्चचा वाटा किती? त्यावर क्लिक केलंस की लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात, ते जसेच्या तसे इथे चिकटव, स्पेलिंग सुधारू नकोस. आणि त्या १४९-१५० वाल्या व्हिडिओचा रिटेन्शन ग्राफ, पहिल्या ३० सेकंदांनंतर किती लोक उरतात?

बबनराव, शेवटचं वाक्य बरोबर आहे तुमचं, निदान अर्धं. टॅग्सचा उपयोग मुख्यतः लोक चुकीचं स्पेलिंग टाकतात तिथे होतो, बाकी शोधात त्यांचा भाग नगण्य आहे हे यूट्यूब स्वतःच्या मदतीच्या पानावर लिहितं. आणि सीटीआरचं १०% कुठून आलं? त्याच मदतीच्या पानांवर म्हटलंय की निम्म्या चॅनल्स-व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. शिवाय व्हिडिओ जितक्या अनोळखी लोकांना दाखवला जातो तितका तो आकडा पडतोच, त्यामुळे कित्येकदा चालणाऱ्या व्हिडिओचा सीटीआर खाली येताना दिसतो आणि लोक घाबरून थंबनेल बदलून बसतात.

कृष्णाकाठची

बघितलं. सर्चचा वाटा साधारण पाव आहे, बाकी बहुतेक व्हॉट्सॲपवरून (बाबा ग्रुपवर लिंक टाकतात) आणि चॅनल पेजवरून. शब्द असे:

```
varas nond
वारस नोंद किती दिवसात होते
satbara var nav kase lavayche
हक्कसोड पत्र
155 cha arj
vadil varle satbara
```

३० सेकंदांनंतर निम्म्याहून कमी उरतात. खरं तर लाजच वाटली. सुरुवातीला बाबा सगळ्यांना नमस्कार करतात, मग १९६६ चा कायदा का आला ते सांगतात, वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा ते सहाव्या मिनिटाला येतं.

दापोलीकर, बाबांना विचारलं. ते म्हणाले वडिलांच्या जमिनीत मुलगी वारस असतेच, लग्न झालं म्हणून जात नाही, उशीर झाला तरी नोंद होते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि ८अ घेऊन अर्ज करा, ई-हक्क वरून ऑनलाइनही होतो. मामांनी हरकत घेतली तर तक्रारी नोंद होऊन सुनावणी लागेल, घाबरायचं नाही. नंबर देत नाही हं, घरी आधीच रांग आहे.

रात्रपाळी

आता बघ. तुझ्या बाबांचं टायटल आणि ही यादी शेजारी ठेव. व्हिडिओ तोच, उत्तर तेच, पण बाबा खात्याच्या बाजूने लिहितात आणि माणूस घरातल्या अडचणीच्या बाजूने शोधतो. "vadil varle satbara", हा कुणीतरी बहुतेक तेरावा उरकून रात्री मोबाईलवर टाइप केलेला शोध आहे. त्याला कलम १४९ माहीत असतं तर त्याने हे शोधलंच नसतं.

आणि दापोलीकरांचं पोस्ट परत वाच. त्यात चार टायटलं पडलीयेत. लग्न झालेल्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागतं का. वारून बरीच वर्षं झाली, आता वारस नोंद होते का. खर्च किती. कागद कोणते. त्यांनी चुकून चॅनलच्या धाग्यावर प्रश्न टाकला पण माणूस न अडखळता जसा बोलतो तसा टाकला, आणि सर्चमध्ये नेमकं तेच येतं. बाबांकडे सकाळी जे लोक येतात ते पहिलं वाक्य काय बोलतात ते एका वहीत लिहून ठेवायला लाग, बाबांनी सुधारायच्या आत. कुठलंही टूल घेण्याआधी ही वही.

मग ते वाक्य तपासायचं. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर इनकॉग्निटोत यूट्यूब उघड, नाहीतर तुझ्याच शोधांचा परिणाम दिसतो. "वारस नोंद" टाइप कर, स्पेस दे, आणि पुढे क, म, त असं एकेक अक्षर टाकून खाली काय सुचवतंय ते बघ. परत हेच रोमनमध्ये, `varas nond` करून. दोन्हीकडे जे येतं ते खरोखर शोधलं जातंय. मग त्यातले दोन शब्द गूगल ट्रेंड्समध्ये एकमेकांसमोर टाक, पण वरती वेब सर्चच्या जागी यूट्यूब सर्च निवड आणि प्रदेश महाराष्ट्र. तिथला आकडा शोधांची संख्या नसते हे लक्षात ठेव, सगळ्यात जास्त दिवसाला १०० धरून बाकीचं त्याच्या तुलनेत असतं. बारीक शब्दांना तो पुरेसा डेटा नाही म्हणतो, त्याचा अर्थ मागणी नाही असा नाही. आपल्यासारख्या विषयात सगळी मागणी अशा बारीक बारीक प्रश्नांतच विखुरलेली असते.

शेवटी तो शोध मारून पहिले पाच-सहा निकाल खरंच उघडून बघ. वरचे व्हिडिओ तीन-चार वर्षं जुने असतील, किंवा कोणीतरी नुसती बातमी वाचून दाखवली असेल, किंवा जुन्या पोर्टलचं स्क्रीन रेकॉर्डिंग असेल, तर तिथे बाबांना जागा आहे. वर आधीच कोणी नीट, नव्या पद्धतीने, कागद दाखवून समजावलं असेल तर तो प्रश्न सध्या सोड आणि त्याच्या शेजारचा घे.

पाटील_वकील

मी कोल्हापूरला प्रॅक्टिस करतो. या सगळ्यात एक मुद्दा कुणी काढत नाहीये. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. माझंही चॅनल आहे, मी थंबनेलवर मोबाईल नंबर टाकत होतो, एका ज्येष्ठ वकिलांनी बोलावून समज दिली. मग आता टायटलमध्ये "जमिनीची केस जिंका" असं लिहिलं तर चालेल का? आणि माझे व्हिडिओ निकालांवर असतात, "विनीता शर्मा वि. राकेश शर्मा विश्लेषण" वगैरे, ते का चालत नाहीत? २०२० चा सुप्रीम कोर्टाचा एवढा महत्त्वाचा निकाल आहे.

रात्रपाळी

पाटीलसाहेब, कृष्णाकाठचीचे बाबा वकील नाहीत त्यामुळे नियम ३६ त्यांना लागू नाही. तुमच्यापुरतं म्हणाल तर "केस जिंका" मी तरी लिहिणार नाही, नियमाचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

निकालाच्या नावाने शोधणारे आहेत, पण ते लॉचे विद्यार्थी आणि तुमचे सहकारी. ज्या बाईला भाऊ म्हणतोय की वडील २००५ च्या आधी गेले म्हणून तुला हक्क नाही, तिच्यासाठीच तो निकाल आहे, आणि तिला खटल्याचं नाव कुठून माहीत असणार? कोणासाठी व्हिडिओ आहे ते आधी ठरवा, दोन्ही गिऱ्हाईकं एका टायटलात बसत नाहीत.

मीनल_एडिसन

मी इकडे न्यू जर्सीत, सासऱ्यांची जमीन जुन्नरकडे. प्रेक्षक म्हणून सांगते. मी कायम रोमनमध्ये शोधते, `satbara online correction` असं काहीतरी अर्धवट इंग्लिश. आणि मी टायटल वाचतच नाही हो, चित्रात सातबारा दिसला तर थांबते. सगळ्यांच्या थंबनेलवर एक माणूस तोंड उघडं टाकून बोट दाखवत असतो, कोण खरा कोण खोटा कळत नाही. बाबांचा साधा चेहरा असेल तर मी तरी विश्वास ठेवीन.

शेवगा

चेहरा काढून टाका असं मी म्हणेन. अनोळखी माणसाचा चेहरा बघून कोण क्लिक करतं? नट असेल तर गोष्ट वेगळी. आणि हे प्रश्नार्थक टायटल वगैरे सगळं शेवटी क्लिकबेटच. "नाव लागतं का?" म्हणून माणसाला आत ओढायचं आणि २२ मिनिटं बसवायचं.

रात्रपाळी

शेवगा, क्लिकबेट तेव्हा होतं जेव्हा टायटलात विचारलेलं आत मिळत नाही. हा प्रश्न त्या माणसाचाच आहे आणि त्याचं उत्तर पहिल्या अर्ध्या मिनिटात द्यायचं असंच मी सांगणार आहे.

थंबनेलबद्दल थोडं निवांत लिहितो कारण मराठीत इथेच जास्त मार खातात लोक. चित्र बनतं १२८० बाय ७२० ला, पण फोनवर ते काडेपेटीएवढं दिसतं. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे तेवढ्याच उंचीत इंग्रजी अक्षर सुटसुटीत दिसतं आणि आपलं "तहसीलदार" म्हणजे नुसता पट्टा होतो. त्यात लाल अक्षर, पिवळी कड, काळी सावली, म्हणजे रफार कुठे आणि अनुस्वार कुठे. मुक्ता किंवा बलू सारखा जाड, मोकळा फॉन्ट घे, तीन-चार शब्द, एकाच रंगात. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही ठेवू नकोस, तिथे व्हिडिओच्या वेळेचा काळा चौकोन बसतो. आणि टायटलात जे आहे ते परत चित्रावर लिहायचं नाही, ती जागा फुकट जाते.

आता वारस नोंदीच्या व्हिडिओचं चित्र. मीनलताई म्हणाल्या तसं सातबाराच चित्र आहे, तो आकार खेड्यातला माणूस लांबून ओळखतो. पण पूर्ण पान टाकलं तर राखाडी जाळी दिसते. फक्त खातेदाराच्या नावाचा रकाना घे, मोठा कर. पूर्वी मयताच्या नावाला कंस करायचे, आताच्या नवीन नमुन्यात नावावर आडवी रेघ येते. तर एक नाव, त्यावर रेघ, आणि खालची ओळ रिकामी. वरती फक्त "पुढचं नाव कोणाचं?" एवढंच. डाव्या बाजूला बाबांचा साधा फोटो, चष्मा लावून कागद बघतानाचा, छोटा. खऱ्या माणसाचा सातबारा मात्र टाकू नकोस, नाव-गट नंबर सगळं बनावट कर, पब्लिक रेकॉर्ड असला तरी कुणाच्या घरची भांडणं थंबनेलवर नकोत.

चेहरा ठेवायचा की नाही यावर माझं आणि शेवगाचं भांडण लावून उपयोग नाही, दोन्ही करून बघ. स्टुडिओत कॉम्प्युटरवरून एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून टेस्ट करता येते. ते प्रेक्षकांमध्ये वाटून दाखवतात आणि वॉच टाइमचा वाटा कुणाला जास्त मिळाला त्यावर निकाल देतात, क्लिकवर नाही. म्हणजे खोटं ओढणारं चित्र तिथे हरतं. पण महिन्याला दोनशे व्ह्यूजच्या व्हिडिओवर लावलंस तर निकाल "नक्की सांगता येत नाही" असाच येईल, ज्याला रोज थोडे तरी इम्प्रेशन मिळतात, म्हणजे ज्याचं थंबनेल लोकांसमोर येतं, त्याच्यावर लाव.

बबन_टेक

ओके टॅग्सचं मान्य. पण मग कलम नंबर टायटलमधून पूर्ण उडवायचा ना?

रात्रपाळी

नाही, तिथेच गंमत आहे. ताईंच्या यादीत `155 cha arj` आहे बघा. सातबाऱ्यावर नावात चूक असली की तहसीलमध्ये टेबलावरचा क्लार्कच सांगतो, "१५५ खाली अर्ज करा". म्हणून तो नंबर लोकांच्या तोंडात बसलाय, तसाच वाटणीचा ८५. ते टायटलात पहिल्या चार शब्दांत हवेत. १४९ कुणाच्या तोंडात नाही, तो डिस्क्रिप्शनमध्ये जाऊ दे. तलाठ्याचं पण तसंच, आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, बाबा व्हिडिओत तेच म्हणतील आणि बरोबरच आहे, पण टायटलात अजून तरी "तलाठी" ठेवा.

ताई, या व्हिडिओसाठी मी असं लिहीन:

"वडील वारले, सातबाऱ्यावर वारसांचं नाव कसं लावायचं? कागदपत्रं, खर्च आणि हरकत आली तर"

मर्यादा १०० अक्षरांची आहे पण फोनवर पुढचं कापलं जातं, त्यामुळे दुखणं आधी आणि तपशील मागे. "वारस नोंद" हे दोन शब्द लागलीच डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत, आणि त्याच ओळीत एकदा रोमनमध्ये `varas nond`, `satbara`. सगळी स्पेलिंगं टायटलात कोंबू नको, ते दुकानाच्या पाटीसारखं दिसतं.

कृष्णाकाठची

बाबांना वाचून दाखवलं. "वारले" शब्द टायटलात नको म्हणतात, अभद्र वाटतं. "मयत" चालेल म्हणे :) आणि "कसं" नाही "कसे" लिही, अधिकारी माणसाचं चॅनल आहे.

आणि अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं तर माणूस उठून जाणार नाही का? मग २२ मिनिटं कशाला बोलायचं?

रात्रपाळी

"कसे" चालेल, लोक टाइपही तसंच करतात. "मयत" बद्दल ऑटोकम्प्लीट बघून ठरवा, सातबाऱ्यावर तोच शब्द असतो त्यामुळे कदाचित बाबाच जिंकतील.

उठून जाण्याबद्दल. सर्चवरून आलेला माणूस तसाही उठतो, प्रश्न एवढाच की काही कळून उठतो की वैतागून. सुरुवात अशी करून बघा, नमस्कार नंतर: "खातेदार मयत झाला की मृत्यू दाखला आणि वारसांची यादी घेऊन अर्ज करायचा, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी थांबतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हे सरळ होतं तेव्हा. पण माझ्या टेबलावर नोंदी अडकायच्या त्या तीन कारणांनी, ती आज कागद दाखवून सांगतो." झालं उत्तर. आता ज्याचं सरळ काम आहे तो समाधानाने जाईल आणि ज्याचं अडकलंय तो शेवटपर्यंत बसेल, आणि खरं सांगायचं तर अडकलेलेच जास्त असतात. त्या तीन गोष्टी दुसऱ्या कुठल्या चॅनलवाल्याला माहीत नाहीत, कारण तो त्या खुर्चीत बसलेला नाही. १९६६ चा इतिहास शेवटी टाका किंवा वेगळा व्हिडिओ करा.

चॅप्टर्स लावा, पहिला ००:०० पासून, निदान तीन तरी लागतात. माणूस उडी मारून हवं तिथे जाईल म्हणून भिऊ नका. रिटेन्शनच्या ग्राफमध्ये जिथे टेकाड दिसेल तिथे लोक मागे येऊन परत बघतायत, बहुतेक अर्जाचा नमुना किंवा कागदांची यादी असते तिथे. ते टेकाड म्हणजे पुढच्या व्हिडिओचा विषय.

आणि हळूहळू वाढायचं म्हणालीस ना, ते एकट्या सर्चने होत नाही. वारस नोंद झाली की त्या घरात पुढे काय होतं ते बाबांना विचार. बहिणीचं हक्कसोड पत्र, ते रजिस्टर करावं लागतं का. मग भावाभावांत ८५ ची वाटणी. मग मोजणी. नाहीतर हरकत आली, तर सुनावणी आणि प्रांताकडे अपील. तोच माणूस सहा महिन्यांत या सगळ्यातून जाणार आहे. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी बाबांनी पुढच्या अडचणीचं नाव घेऊन थांबायचं आणि एंड स्क्रीनवर तोच एक व्हिडिओ ठेवायचा, चार नाही. प्लेलिस्टचं नावही "भाग १ ते १२" नको, "वडिलांनंतर जमिनीची कामं" असं काहीतरी. एकातून दुसऱ्यात लोक जायला लागले की मग सजेस्टेडमध्ये व्हिडिओ दिसायला लागतात, आणि तुझ्या ट्रॅफिक सोर्समध्ये सर्चचा वाटा कमी होताना दिसेल. घाबरू नकोस, एकूण व्ह्यूज वाढत असतील तर ते चांगलंच आहे.

शेवगा

पण मग ई-पीक पाहणीवर का नाही करायचं? ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर लाखांनी बघतात लोक. वारस नोंद काय, रोज थोडीच कोणी...

रात्रपाळी

करा की, पण ते वेगळं पीक आहे. ट्रेंड्सवर टाकून बघा, खरिपात उभी शेंडी येते आणि मग सपाट. जुलैअखेर व्हिडिओ तयार नसेल तर गेलाच, ॲप बदललं की जुना व्हिडिओ चुकीचा होतो, आणि त्याला मंडळ अधिकारी लागतच नाही, फोन चालवणारा कुठलाही पोरगा करतो. वारस नोंदीची रेघ खाली असेल पण बारमाही असते. बाबांच्या वेळेचे जास्त व्हिडिओ मी बारमाहीत घालीन.

कृष्णाकाठची

दीडेक महिन्याने अपडेट. फक्त चार व्हिडिओंची टायटल-थंबनेल बदलली, बाकीचे मुद्दाम तसेच ठेवले म्हणजे तुलना होईल. १४९-१५० वाल्याचा सीटीआर दोनच्या आतबाहेर होता तो आता चार-साडेचारला आहे, आणि सर्चमधून येणारे वाढलेत. हक्कसोड पत्रवाल्याचंही हललं. वाटणीवाल्याला मात्र काहीच फरक नाही. १५५ वाल्याचा सीटीआर वाढला पण सरासरी बघण्याची वेळ उलट कमी झाली, याचं काय?

टेस्टमध्ये चेहरावालं थोडं पुढे आहे पण निकाल अजून पक्का दाखवत नाही, त्यामुळे मीनलताई आणि शेवगा दोघांनी धीर धरा.

रात्रपाळी

वाटणीवाल्याला इम्प्रेशनच मिळत नसतील तर टायटलचा दोष नाही, वर कोणीतरी पक्कं बसलंय. निकाल बघून "सामाईक सातबारा वेगळा करणे" सारखी दुसरी बाजू धरून नवीनच करा.

१५५ चं उघड आहे. टायटल बदललंस, व्हिडिओची सुरुवात तीच जुनी आहे. नव्या टायटलाने नवा माणूस आणला आणि बाबा अजून अधिनियमाचा उद्देश सांगतायत. यूट्यूबवर तीच लिंक ठेवून फाइल बदलता येत नाही, पण एडिटरमधून सुरुवातीची पाच मिनिटं कापता येतात. ते करून बघ. नाहीतर नवीन शूट कर आणि जुन्याच्या पिन कमेंटमध्ये नव्याची लिंक दे. कायदा किंवा पोर्टल बदललं तरी हाच मार्ग, जुना डिलीट करायचा नाही, त्याच्यावर लोक येतच असतात.

बबन_टेक

कापल्यावर ते प्रोसेसिंगला खूप वेळ घेतं हां, मोठ्या व्हिडिओला. तोपर्यंत जुनाच दिसतो. आणि साठच्या साठ टायटलं एकदम बदलली असती तर? अल्गोरिदम कन्फ्यूज होतो ना?

रात्रपाळी

कन्फ्यूज होतो असं मला कधी दिसलं नाही. तरी एकदम बदलू नये हे माझं मत, कारण मग कशाने काय झालं ते तुम्हालाच कळत नाही. आणि जो व्हिडिओ आधीच बरा चाललाय त्याला हात लावायचा नाही. पण एकदम बदलून भलं झालेली दोन-तीन चॅनल्सही मी बघितलीत, त्यामुळे पैज लावणार नाही.

पाटील_वकील

माझा तो निकालाचा व्हिडिओ "वडील २००५ पूर्वी वारले तर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळतो का" असा केला. चाललाय. फक्त आता फोन पक्षकारांचे नाहीत, त्यांच्या भावांचे येतात, शिव्या घालायला.

आजोळ_दापोली

आईचा अर्ज टाकला ऑनलाइन. मामाने हरकत घेतली. तक्रारी नोंदीची सुनावणी कशी असते यावर बाबांचा व्हिडिओ आहे का? मी शोधलं, "तक्रारी नोंद सुनावणीत काय विचारतात", काही धड आलं नाही.

कृष्णाकाठची

नाहीये. रविवारी शूट करतो.